पर्यायी भारमार्ग तपासणी

पर्यायी भारमार्ग तपासणी ही बहुमजली इमारतीच्या सांगाड्याची एक गणिती परीक्षा आहे. इमारतीचा एखादा स्तंभ, म्हणजेच कॉलम, अचानक नाहीसा झाला अशी कल्पना करून, त्याने पेललेला भार उरलेल्या बीम, स्लॅब व कॉलमांतून दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोहोचतो किंवा नाही, हे या परीक्षेत पाहिले जाते. ही दुसरी वाट म्हणजेच पर्यायी भारमार्ग. तो उपलब्ध नसेल तर एका ठिकाणची इजा शेजारच्या भागात पसरते, तेथून पुढच्या भागात जाते, आणि मूळ कारणाच्या मानाने फार मोठा भाग जमीनदोस्त होतो. या प्रकाराला क्रमिक कोसळणे असे म्हणतात.

संरचना अभियंता या तपासणीचा सारांश तयार करून छाननी करणाऱ्या प्राधिकरणाला किंवा त्याने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला सादर करतो. सारांशातील निष्कर्ष बहुतांशी त्यामागच्या गृहीतकांवर उभा असतो. त्यांतील सर्वांत निर्णायक गृहीतक बीमच्या तळाशी असलेल्या सळयांविषयी असते. त्या सळया कॉलमच्या सांध्यातून अखंड पलीकडे गेल्या आहेत की सांध्यातच थांबल्या आहेत, यावर पर्यायी मार्ग आहे की नाही हे ठरते.

## पार्श्वभूमी

१६ मे १९६८ रोजी पहाटे लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली निवासी इमारतीत अठराव्या मजल्यावरील एका घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. पण त्याने कोपऱ्यावरची भारवाही भिंत बाहेर ढकलली गेली. इमारत काँक्रीटच्या तयार तावदानांची होती आणि तावदाने एकमेकांना पुरेशी बांधलेली नव्हती. आधार गेलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या आघाताने खालचे मजले तुटले, आणि इमारतीचा एक पूर्ण कोपरा जमिनीपर्यंत कोसळला. या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १९७० मध्ये ब्रिटनच्या इमारत नियमांत दुरुस्ती होऊन, एक भाग गेल्यास किती क्षेत्र कोसळलेले चालेल, यावर मर्यादा घातली गेली.

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील मरा इमारतीवर १९ एप्रिल १९९५ रोजी बॉम्बहल्ला झाला व त्यात १६८ जण मरण पावले. या इमारतीच्या दर्शनी बाजूला खालच्या मजल्यांवर कॉलमांची संख्या वरच्यापेक्षा निम्मी होती आणि वरचे कॉलम एका मोठ्या आडव्या बीमवर उभे होते. त्यामुळे खालचे मोजके कॉलम जाताच इमारतीचा मोठा भाग खाली आला. पुढे अमेरिकेच्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनने २००३ मध्ये व नंतर सुधारून २०१३ मध्ये मार्गदर्शिका काढली. संरक्षण विभागाचा ‘यूएफसी ४-०२३-०३’ हा दस्तऐवजही याच विषयावर आहे.

आयएस ४५६ : २००० या भारतीय काँक्रीट मानकात कॉलम काढून तपासण्याची अशी पायरीवार पद्धत दिलेली नाही. म्हणून भारतातील अभियंते भार व साहित्य भारतीय मानकांनुसार धरतात आणि तपासणीची पद्धत वरील अमेरिकी दस्तऐवजांतून घेतात. त्यामुळे कोणता नियम कोठून घेतला हे सारांशात स्पष्टपणे लिहावे लागते.

## ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. दोन्ही शहरांत चार-पाच मजल्यांच्या जुन्या इमारतींच्या शेजारी आता उंच मनोरे उभे राहत आहेत. नव्या बांधकामांना डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ नुसार हा परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो. त्यामुळे नव्या काँक्रीट सांगाड्यांना आयएस १३९२० : २०१६ मधील सळयांच्या मांडणीचे नियम लागू होतात. ते नियम भूकंपासाठी केलेले असले, तरी पर्यायी भारमार्गाच्या तपासणीत त्यांचा मोठा उपयोग होतो.

या भागातील नेहमीची निवासी इमारत तळाला स्टिल्ट, म्हणजे भिंती नसलेला वाहनतळ, आणि त्यावर मजले अशी असते. वरच्या मजल्यांवर कॉलमांच्या मधे विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतात. स्टिल्टमध्ये मात्र कॉलम उघडे असतात आणि त्यांच्या शेजारून टँकर, ट्रक व मोटारी वळतात. वाहनाची धडक, घरगुती गॅस सिलिंडरचा स्फोट, गंजून फुगलेल्या सळयांमुळे निखळलेले काँक्रीट आणि दुकान मोठे करण्यासाठी केलेली तोडफोड ही येथे कॉलम निकामी होण्याची संभाव्य कारणे होत. तपासणीत यांपैकी कोणतेही कारण नेमके धरले जात नाही. कारण काहीही असो, कॉलम गेला एवढेच गृहीत धरले जाते.

परिसरातील दुर्घटनांत मात्र कोसळण्याचे निरनिराळे प्रकार दिसतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यातील शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत बहुमजली इमारत संपूर्ण कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. उल्हासनगरमध्ये मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब खालचे स्लॅब तोडत तळापर्यंत आला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब अशाच रीतीने खाली कोसळला व सहा जणांचा मृत्यू झाला. उल्हासनगर व कल्याणच्या घटनांत इजेची सुरुवात कॉलमपासून नव्हे, तर स्लॅबपासून झाली होती. हा फरक तपासणीच्या मर्यादा समजण्यासाठी महत्त्वाचा आहे.

## तपासणीतील गृहीतके

### कोणता कॉलम काढायचा

प्रत्येक कॉलम काढून पाहणे शक्य असले तरी आवश्यक मानले जात नाही. प्रथेनुसार लांब बाजूच्या मध्याजवळचा, आखूड बाजूच्या मध्याजवळचा आणि कोपऱ्यावरचा असे बाहेरील कॉलम एका वेळी एक याप्रमाणे काढले जातात. तळाशी सार्वजनिक वाहनतळ असेल तर आतील कॉलमही तपासले जातात, कारण वाहन तेथपर्यंत पोहोचू शकते. हीच तपासणी तळमजल्याबरोबर इमारतीच्या मध्यउंचीवर, गच्चीखालच्या मजल्यावर आणि कॉलमचा आकार जेथे बदलतो तेथेही करतात.

### कॉलम कसा काढायचा

गणितात फक्त दोन मजल्यांमधील कॉलमची मोकळी उंची काढली जाते. वरचा सांधा, म्हणजे बीम व कॉलम जेथे एकत्र येतात तो भाग, शाबूत धरला जातो. हे गृहीतक उदार आहे. खऱ्या स्फोटात सांधाही जखमी होऊ शकतो. तरीही या तपासणीत एखाद्या विशिष्ट स्फोटाचे अनुकरण अभिप्रेत नसते. सांगाड्याला दुसरी वाट आहे का एवढेच पाहायचे असते, म्हणून ते स्वीकारले जाते. सारांशात मात्र ते लिहिलेले असावे लागते.

### किती भार धरायचा

नेहमीच्या आराखड्यात बांधकामाचे स्वतःचे वजन, म्हणजे स्थायी भार, आणि माणसे व सामान यांचा चल भार या दोन्हींची दीडपट धरतात. कॉलम जाणे ही क्वचित घडणारी घटना असल्याने येथे स्थायी भाराची १.२ पट आणि चल भाराची ०.५ पट अशी बेरीज धरली जाते. त्या क्षणी इमारतीतील प्रत्येक खोली सामानाने पूर्ण भरलेली असण्याची शक्यता कमी, हे त्यामागचे कारण आहे.

### कॉलम अचानक जाण्याचा परिणाम

स्प्रिंगच्या काट्यावर वजन सावकाश ठेवले तर काटा योग्य आकड्यावर स्थिरावतो. तेच वजन काट्याला टेकवून एकदम सोडले, तर काटा क्षणभर दुप्पट आकड्यापर्यंत जाऊन परत येतो. कॉलम एकाएकी नाहीसा झाला की मजल्याचेही असेच होते. सांगाडा स्प्रिंगसारखाच वागला, म्हणजे वाकून पूर्ववत झाला, तर त्याला स्थिर भाराच्या दुप्पट क्षमता लागते.

परंतु पोलादी सळया एका मर्यादेनंतर ताणल्या जाऊन कायमच्या लांबतात आणि लांबताना ऊर्जा शोषून घेतात. ज्या वाकापाशी सळया ताणाला शरण जाऊ लागतात, त्याच्या किती पट वाक सांगाडा न तुटता सहन करू शकतो, या आकड्याला तन्यता गुणोत्तर म्हणतात. ते १ असेल तर क्षमता भाराच्या २ पट लागते. गुणोत्तर २ असेल तर सुमारे १.३३ पट आणि ४ असेल तर सुमारे १.१४ पट क्षमता पुरते. म्हणजे वाकण्याची क्षमता जितकी अधिक, तितकी कमी ताकद चालते. पण ताकद स्थिर भारापेक्षा थोडी तरी जास्त असावीच लागते.

## उदाहरण

पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष इमारतीचे नाहीत. या परिसरात सर्रास आढळणाऱ्या रचनेवरून ते पद्धत समजावण्यासाठी घेतले आहेत. इमारतीत स्टिल्टवर सात मजले आहेत, म्हणजे गच्ची धरून आठ स्लॅब. लांब बाजूचे कॉलम एकमेकांपासून ४.५ मीटरवर असून आतील कॉलमांची रांग ५ मीटरवर आहे. लांब बाजूच्या मध्यावरचा एक कॉलम स्टिल्टमध्ये निकामी झाला असे धरले आहे.

### एका मजल्याचा भार

या कॉलमच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावर ४.५ मीटर × २.५ मीटर, म्हणजे ११.२५ चौरस मीटर क्षेत्र येते. स्लॅब, फरशी व आतील भिंती मिळून दर चौरस मीटरला ५.५ किलोन्यूटन धरले आहेत. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळ मानाने १०० किलो वजन. त्यात बाहेरील भिंत व बीमची वजने मिळवली की एका मजल्याचा स्थायी भार सुमारे १०८ किलोन्यूटन होतो. घरांसाठी चल भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन असतो, त्याचे २२.५ किलोन्यूटन होतात. १०८ ची १.२ पट आणि २२.५ ची ०.५ पट यांची बेरीज सुमारे १४१ किलोन्यूटन येते.

आठ स्लॅबचा एकत्रित भार पहिल्या मजल्याच्या बीमवर येतो, असा समज येथे होण्याचा संभव असतो. तो बरोबर नाही. सर्व मजल्यांचे बीम सारखे असतील आणि भारही सारखा असेल, तर कॉलम गेल्यावर सर्व मजले एकाच वेळी, सारखेच खाली वाकतात. अशा वेळी प्रत्येक मजला आपापला १४१ किलोन्यूटन भार स्वतःच पेलतो व वरचा कॉलम जवळजवळ भाररहित होतो. म्हणून तपासणी एका मजल्याची केली तरी पुरते. वरचे कॉलम एखाद्या मोठ्या बीमवर उभे केलेले असतील, तर मात्र हे तर्कशास्त्र लागू पडत नाही. तो बीम किंवा त्याचा आधार गेल्यास वरच्या सर्व मजल्यांना एकदमच दुसरी वाट शोधावी लागते. मरा इमारतीत नेमके हेच घडले होते, आणि ठाण्यातील वाहनतळाच्या पोडियमवर उभ्या मनोऱ्यांत अशी रचना आढळते.

### बीमची क्षमता

बाहेरील बीम २३० × ६०० मिलिमीटरचा असून काँक्रीट एम २५ व सळया फे ५०० दर्जाच्या आहेत. बीमच्या माथ्याशी २० मिलिमीटरच्या तीन आणि तळाशी २० मिलिमीटरच्या दोन सळया आहेत. बीमला वाकवणाऱ्या परिणामाला अभियंते बेंडिंग मोमेंट म्हणतात. माथ्याच्या सळया ताणात असताना हा बीम सुमारे १९० किलोन्यूटन-मीटर मोमेंट पेलतो आणि तळाच्या सळया ताणात असताना सुमारे १४०.

कॉलम जागेवर असताना त्याच्या माथ्यावर बीम वरच्या अंगाला ताणला जातो, म्हणून तेथे वरच्या सळया महत्त्वाच्या असतात. कॉलम जाताच चित्र उलटते. ४.५ मीटरचे दोन गाळे मिळून ९ मीटरचा एकच गाळा होतो आणि जेथे आधार होता तोच त्याचा मध्य ठरतो. त्या जागी आता बीम खालच्या अंगाने ताणला जातो. वरच्या सळया तेथे निरुपयोगी ठरतात. पेलायचे ते तळाच्या सळयांनाच. दोन्ही शेजारच्या कॉलमांशी मात्र वरच्या सळयाच कामाला येतात. या तिन्ही ठिकाणी सळया आपल्या मर्यादेला पोचल्या असे धरल्यास बाहेरील बीमची उचलण्याची क्षमता पुढीलप्रमाणे येते.

```
R = 2 × (190 + 140) / 4.5 = 147 kN
```

याशिवाय आतील कॉलमपासून बाहेर येणारा ५ मीटरचा आडवा बीम आता झुलत्या सज्जासारखा काम करतो. त्याचा वाटा १९० भागिले ५, म्हणजे ३८ किलोन्यूटन. एकूण क्षमता १८५ किलोन्यूटन, तर भार १४१. गुणोत्तर १.३१ आले. त्यासाठी सुमारे २.१ तन्यता गुणोत्तर लागते आणि आयएस १३९२० नुसार कड्या व सळया बसवलेल्या बीमला ते साध्य होते. या मजल्याला पर्यायी भारमार्ग आहे.

### तळाच्या सळया थांबवल्यास

आता बीम, काँक्रीट व भार तेच ठेवून फक्त एक तपशील बदलला. आयएस ४५६ मधील सर्वसाधारण तरतुदीनुसार अखंड बीममध्ये तळाच्या सळयांपैकी किमान एक चतुर्थांश सळया आधारात न्याव्या लागतात, आणि त्याही पूर्ण पकड-लांबीच्या एक तृतीयांश इतक्याच. कॉलम जागेवर असेपर्यंत एवढे पुरते, कारण तेथे तळाच्या सळयांना ताण नसतो. दोन्ही सळया एक तृतीयांश लांबीने आत गेल्या असे उदारपणे धरले, तरी त्या सुमारे एक तृतीयांश ताकदीलाच काँक्रीटमधून निसटतील.

| तळाच्या सळयांची स्थिती | एका मजल्याची क्षमता (किलोन्यूटन) | भाराशी गुणोत्तर |
|---|---|---|
| सांध्यातून अखंड | १८५ | १.३१ |
| एक तृतीयांश पकड-लांबीपर्यंत | १४३ | १.०१ |
| सांध्याच्या तोंडाशीच थांबलेल्या | १२२ | ०.८७ |

मधली ओळ फसवी आहे. भार स्थिर धरला तर १४३ हा आकडा १४१ पेक्षा मोठा आहे आणि तपासणी उत्तीर्ण झाली असे वाटते. परंतु कॉलम अचानक गेल्यास १.०१ गुणोत्तराला जवळजवळ अमर्याद वाकण्याची क्षमता लागेल; आणि पकड सुटलेली सळई ताणली जात नाही, ती ओढून बाहेर येते. म्हणून या स्थितीत पर्यायी मार्ग नाही असेच धरावे लागते. तिसऱ्या ओळीत तर कॉलम कितीही सावकाश काढला, तरी मजला उभा राहणार नाही.

आयएस १३९२० चे तीन नियम नेमके येथे उपयोगी पडतात. बीमच्या पूर्ण लांबीत माथ्याशी व तळाशी किमान दोन-दोन सळया असाव्यात. कॉलमच्या तोंडाशी तळाच्या सळया माथ्याच्या सळयांच्या निम्म्याहून कमी नसाव्यात. आणि सळयांचे जोड सांध्यात किंवा कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात घेऊ नयेत. भूकंपात बीमला दोन्ही बाजूंना वाकावे लागते म्हणून हे नियम केले गेले आहेत. कॉलम जाण्याच्या घटनेतही बीमवर तीच वेळ येते.

### शेजारच्या कॉलमवरील भार

पर्यायी वाट बीमवर संपत नाही. शेजारच्या कॉलमवर आठ स्लॅबचा स्वतःचा १,१२८ किलोन्यूटन भार आहे. कॉलम गेल्याच्या धक्क्यात बाहेरील बीमची पूर्ण ताकद वापरली गेली, तर प्रत्येक मजल्यावरून सुमारे ७३, म्हणजे आठ मजल्यांवरून सुमारे ५८७ किलोन्यूटनची भर पडते. एकूण सुमारे १,७१५ किलोन्यूटन होतात. चल भारात मजल्यांनुसार मिळणारी सूट न धरता नेहमीच्या दीडपट आराखड्यात हाच कॉलम सुमारे १,५६६ किलोन्यूटनसाठी तपासलेला असतो. म्हणजे सुमारे १० टक्के वाढ होते आणि शिवाय बीमकडून येणारा मोमेंटही असतो.

त्यामुळे शेजारचा कॉलम अक्षीय भार व मोमेंट यांसाठी एकत्रितपणे नव्याने तपासावा लागतो. त्यासाठी १४१ किलोन्यूटनचा भार वाटून उपयोग नाही. बीम जितका जास्तीत जास्त भार ओढून आणू शकतो, तितका धरावा लागतो. वाहनतळात जागा मोकळी राहावी म्हणून बारीक ठेवलेला कॉलम येथे अपुरा पडू शकतो. तो गेला तर त्याच्याही शेजाऱ्यावर वेळ येते आणि कोसळणे क्रमिक होते.

बीममधील कर्तनाचेही असेच आहे. एरवी बीमच्या टोकाशी सुमारे ४३ किलोन्यूटन कर्तन असते. कॉलम गेल्यावर ते सुमारे ११६ होते. कर्तनाने बीम पूर्वसूचना न देता तुटतो, म्हणून कड्या विरळ असल्यास सळयांची वाकण्याची सर्व क्षमता वाया जाते.

## सारांशाची छाननी

चांगल्या सारांशात निष्कर्षाआधी गृहीतके असतात. कोणता कॉलम कोणत्या मजल्यावर काढला, सांधा शाबूत धरला का, भारांची बेरीज कोणत्या दस्तऐवजातून घेतली, आणि अचानकपणाचा परिणाम कसा हिशेबात आणला, हे प्रत्येक स्थितीसाठी एका तक्त्यात दिलेले असते. छाननी करणारा अभियंता साधारणपणे पुढील ठिकाणी थांबतो.

* दोन दस्तऐवजांची सरमिसळ. २००३ च्या मार्गदर्शिकेत स्थायी भार व चल भाराचा चतुर्थांश यांच्या बेरजेची दुप्पट धरतात आणि मागणी-क्षमतेचे गुणोत्तर नियमित सांगाड्यात २ पर्यंत चालते. नंतरच्या दस्तऐवजांत भाराची बेरीज व मर्यादा दोन्ही बदलल्या आहेत. एकातील सौम्य भार व दुसऱ्यातील सौम्य मर्यादा एकत्र घेतल्या, तर उत्तर दोन्हींपेक्षा सौम्य येते.
* संगणकातील सांधा. संगणकीय प्रतिकृतीत प्रत्येक सांधा आपोआप अखंड धरला जातो. तळाची सळई तेथे खरोखर आहे का, हे कळण्यासाठी बीमच्या सळयांचे नकाशे पाहावे लागतात. नकाशावर तळाची सळई कॉलमच्या आत संपलेली दिसली, तर प्रतिकृतीचे उत्तर ग्राह्य राहत नाही.
* झुल्याच्या क्रियेवरील भिस्त. खूप वाकलेला बीम दोरीसारखा ताणला जाऊन भार पेलतो. मात्र दोरीला दोन्ही टोकांना घट्ट खुंटी लागते. कोपऱ्यालगतचा कॉलम गेल्यास एका बाजूची खुंटी म्हणजे एकटा कोपऱ्याचा कॉलम. तो आत ओढला जातो. कोपऱ्याचाच कॉलम गेला तर दोरीच राहत नाही, दोन सज्जे उरतात. अशा ठिकाणी झुल्याची ताकद हिशेबात धरलेली नसावी.
* भिंतींचा आधार. वरच्या मजल्यांवरील विटांच्या भिंती प्रत्यक्षात काही भार पेलतात. परंतु रहिवासी त्या पाडू शकतात, म्हणून त्यांचे फक्त वजन धरावे, ताकद धरू नये.

## मर्यादा

या तपासणीत वरचे मजले खाली पडत नाहीत, ते वाकून थांबतात, असे मूलतः गृहीत असते. एक स्लॅब तुटून खालच्या स्लॅबवर आदळला, तर तो आघात भाराच्या दुपटीत बसत नाही. निवासी स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन चल भारासाठी केलेला असतो; त्यावर तीन मीटरवरून दर चौरस मीटरला चार-पाच किलोन्यूटन वजनाचा मलबा पडल्यास तो क्वचितच टिकतो. उल्हासनगर व कल्याण येथील स्लॅबच्या दुर्घटना या प्रकारात मोडतात. कॉलम काढून केलेल्या तपासणीतून अशा इमारतीबद्दल काहीही कळत नाही. तेथे स्लॅबमधील गंज, गळती, एकावर एक चढवलेल्या फरश्यांचे वजन आणि काँक्रीटची उरलेली ताकद यांचेच परीक्षण करावे लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना जे संरचना परीक्षण बंधनकारक आहे, त्याचा रोख या बाबींवर असतो.

दुसरी मर्यादा बांधकामाच्या प्रामाणिकपणाची आहे. तपासणी नकाशावरील सांगाड्याची होते. काँक्रीट कमी दर्जाचे असेल किंवा नकाशातील सळई जागेवर नसेल, तर सारांशातील १.३१ या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून स्लॅब भरण्यापूर्वी सांध्यातील तळाच्या सळया मोजून त्यांची छायाचित्रे नोंदीत ठेवणे, हा या तपासणीचाच शेवटचा टप्पा समजला जातो. काँक्रीट ओतल्यानंतर ती सळई तेथे आहे की नाही हे पाहण्यासाठी सांधा फोडण्यावाचून सोपा मार्ग राहत नाही.